आधी उजेड तपासा, मग हात

एकाच लोकरीचे, एकाच नंबरच्या सुयांवर विणलेले दोन चौकोनी तुकडे आणि फोनच्या पडद्यावर त्यांचे दोन फोटो. एकातली वीण कशी सपाट, नीटनेटकी. दुसऱ्यात कुठे टाके फुगलेले, कुठे दबलेले. पहिला हात पक्का आणि दुसरा कच्चा, असं कुणीही म्हणेल. पण पहिला फोटो छताच्या ट्यूबलाइटखाली काढलेला आहे आणि दुसरा संध्याकाळी खिडकीपाशी, उजेड तिरपा येत असताना. तुकड्यांच्या जागा बदलून पुन्हा फोटो काढले, तर पक्का हात कच्चा ठरू शकतो.

स्वेटरचे टाके घालण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर एक तुकडा विणून मोजावा, हे सगळ्या विणणाऱ्यांना माहीत असतं. करतात किती जणी, हा वेगळा प्रश्न. आता विणणारी एका गावात, सल्ला देणारी दुसऱ्या गावात आणि घालणारा तिसऱ्याच ठिकाणी, अशी तऱ्हा झाल्यामुळे तुकडा हातात येतच नाही, त्याचा फोटो येतो. त्या फोटोवरून तीन गोष्टी ठरवायच्या असतात: हाताचा ताण एकसारखा आहे का, टाका उठून दिसतो का आणि रंग अंगावर कसा दिसेल. गोम अशी, की या तिन्ही गोष्टी बघायला तीन वेगवेगळ्या तऱ्हेचा उजेड लागतो. एकाच फोटोवरून तिन्हींचा निकाल लावायला गेलं, की निदान एक तरी चुकतो.

ओळखीतल्या एका घरातलं उदाहरण घेते. भाचा शिकायला जर्मनीला निघाला होता. त्याच्यासाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर नाशिकची आत्या आणि पुण्याची मामी मिळून विणणार होत्या. एकीने पाठ, दुसरीने पुढचा भाग, म्हणजे वेळेत होईल, असा बेत. लोकर तीनपदरी, मध्यम जाडीची, अंजिरी रंगाची. सुया आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. (आपल्याकडे सुयांचे जुने ब्रिटिश नंबर अजून चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. नऊ नंबर म्हणजे ३.७५ मिलिमीटर, सात नंबर म्हणजे ४.५.) दोघींनी ३४ टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा साधा तुकडा विणला आणि फोटो पाठवले. मामीचा फोटो ट्यूबलाइटखालचा, आत्याचा खिडकीतला. घरात एकमत झालं, की मामीचा हात छान आहे आणि आत्यांनी जरा सराव करावा.

मला दाखवले तेव्हा मी पहिल्यांदा मोजपट्टी मागितली. तुकड्याच्या कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे असतात, म्हणून मोजायचं ते मधल्या भागात, १० सेंटिमीटरमध्ये. फोटोवरून मोजायचं तर पट्टी तुकड्यावरच, त्याच पातळीत ठेवावी लागते आणि फोन तुकड्याच्या बरोब्बर वर, आडवा धरावा लागतो. फोन थोडा कलला तरी एका बाजूचे टाके लहान दिसतात आणि मोजणी फसते. तसे फोटो आले तेव्हा मामीचे १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके भरले, आत्याचे २३. फरक एका टाक्याचा. पण पाठीला ११० टाके घालायचे होते. मामीच्या हाताने ती पाठ ५० सेंटिमीटर रुंद झाली असती आणि आत्याच्या हाताने ४८ला थोडी कमी. शिवताना एक बाजू दोन सेंटिमीटर ओढून आणावी लागली असती.

मात्र ही मोजणी सरासरी सांगते, एकसारखेपणा सांगत नाही. एक टाका मोठा, एक लहान अशी वीण असली तरी दहा सेंटिमीटरचा हिशेब बरोबर येऊ शकतो. एकसारखेपणा डोळ्यानेच बघावा लागतो आणि तिथे उजेडाची दिशा आडवी येते.

विणलेलं कापड सपाट नसतं. सुलट बाजूला टाक्यांचे उभे रकाने असतात, उलट बाजूला आडव्या गाठींच्या ओळी. उजेड समोरून किंवा डोक्यावरून पडला, की या चढउतारांची सावली त्यांच्याच खाली लपते आणि सगळं सपाट दिसतं. फोनचा फ्लॅश तर लेन्सला चिकटूनच असतो, त्यामुळे तो सगळ्यात जास्त लपवतो. उजेड बाजूने, अगदी कमी उंचीवरून आला, की प्रत्येक फुगवटा लांब सावली टाकतो आणि बारीकसा दोषही डोळ्यात भरतो. म्हणून ताण तपासायला तिरपा उजेडच हवा. ढगाळ दिवशी खिडकीपासून हातभर अंतरावर, टेबलावर तुकडा ठेवला की पुरे. थेट ऊन नको, त्याने सावल्या काळ्याठिक्कर पडतात आणि आतला टाका दिसेनासा होतो.

यात एक गोष्ट बऱ्याच जणींच्या ध्यानात येत नाही. सावली पडते ती उजेडाला आडव्या येणाऱ्या रेषांची. उजेडाच्या दिशेनेच जाणारी रेषा सावली टाकत नाही, म्हणून ती दिसतही नाही. ओळीओळींमधला फरक, म्हणजे आडवा दोष, बघायचा असेल तर उजेड तुकड्याच्या वरच्या कडेकडून यायला हवा. उभा दोष, म्हणजे एखाद्या रकान्यात पडलेली शिडी, बघायचा असेल तर डावीकडून किंवा उजवीकडून. फोन तिथेच ठेवून तुकडा पाव फेरा फिरवायचा आणि दुसरा फोटो घ्यायचा. एकाच तुकड्याचे हे दोन फोटो कधीकधी दोन वेगळ्या हातांचे वाटतात. उजेड खालच्या कडेकडून आलेला मात्र नको. आपल्या डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय असते, त्यामुळे तशा फोटोत फुगवटे खळग्यासारखे दिसायला लागतात.

दोष दिसला, की तो किती मोठा आहे यापेक्षा तो कसा मांडलेला आहे ते बघावं. कारण तिथेच सापडतं. फुगलेले टाके कुठेही, कसेही विखुरलेले असतील तर हात अजून बसलेला नाही किंवा लोकरच जाड-बारीक कातलेली आहे. लोकरीचा एक मोकळा धागा पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला की या दोहोंतलं कोणतं ते कळतं. एकच आडवी रेघ मोठ्या टाक्यांची असेल तर विणकाम अर्धवट ठेवून सुई रात्रभर तशीच तुकड्यात राहिली होती असं समजावं. काही ओळींचा एक पट्टाच सैल किंवा घट्ट असेल तर विणणारी उठून गेली आणि परत बसली तेव्हा हात बदललेला होता, किंवा सुईच दुसऱ्या नंबरची उचलली गेली. वेणीच्या डाव्या कडेचा सुलट टाका पसरट असेल तर तो दोष तिथला ठरलेलाच: सुलट टाक्यावरून उलट टाक्याकडे जाताना दोरा मागून पुढे आणावा लागतो, त्यात थोडा जास्त दोरा सुटतो आणि शेजारचा टाका तो गिळतो.

आणि दर दोन ओळींनी दोष परत येत असेल तर? हा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात लपणारा दोष. सुलट ओळ आणि उलट ओळ या दोन्हींना विणणारीचा हात सारखा दोरा देत नाही. बहुतेकींच्या उलट टाक्यात थोडा जास्त दोरा जातो, कारण त्यात सुईभोवतीचा वेढा किंचित लांब पडतो आणि बोटांचा ताणही सुटतो. मग एक ओळ घट्ट, एक सैल, एक घट्ट, एक सैल. सुलट बाजूला हे फारसं कळत नाही. उलट बाजूला मात्र गाठींच्या ओळी दोन-दोनच्या जोड्यांनी जवळ येतात आणि प्रत्येक जोडीनंतर एक चर पडतो. म्हणून उलट बाजूचा फोटो मागितल्याशिवाय मी कुणाच्या ताणाबद्दल बोलत नाही.

दोघींना मी एवढंच सांगितलं, की दोन्ही तुकडे एका घरी आणा आणि एकाच चौकटीत, एकाच खिडकीपाशी फोटो काढा. आत्या तशाही पुण्याला येणार होत्या. तुकडे करड्या चादरीवर शेजारी ठेवले, वरची कड खिडकीकडे केली, दोन्ही उलट बाजूने. खिडकीजवळचा तुकडा जास्त उजळ दिसतो, म्हणून जागा बदलून दुसरा फोटो काढला. निकाल उलटला. आत्याच्या तुकड्यात एका ठिकाणी मोठ्या टाक्यांची एक रेघ होती, सुई राहून गेल्याची. बाकी सगळी वीण एकसारखी. मामीच्या तुकड्यात खालपासून वरपर्यंत चर. ट्यूबलाइटने ते सगळे पोटात घातले होते. मामी म्हणाल्या, “म्हणजे माझा हात सैल?” सैल नव्हे. सुलट ओळीला घट्ट आणि उलट ओळीला सैल, आणि सरासरी अगदी नमुन्यात सांगितलेली.

यावरचा उपाय सोपा आहे. उलट ओळ नऊ नंबरच्या सुईने विणायची, सुलट ओळ आठच्याच. मामींनी तसा दुसरा तुकडा विणला आणि चर जवळजवळ मिटले. मात्र टाकेही थोडे आखडले, त्यामुळे पुन्हा मोजावं लागलं. आत्याला उलट, सात नंबर घेऊन बघायला सांगितलं, म्हणजे तेवीसचे बावीस होतील.

तुकडा धुण्याआधी आणि धुतल्यावर, असे दोन फोटो हवेत हेही इथेच सांगते. खऱ्या लोकरीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवला की टाके आपापसात दोरा वाटून घेतात आणि किरकोळ उंचसखलपणा निघून जातो. दर दोन ओळींचे चर कमी होतात, पण खोल असतील तर पूर्ण जात नाहीत. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा नुसत्या धुण्याने फारसा बदलत नाही. त्यावर वाफेची इस्त्री जास्त झाली तर तो लुळा आणि चकचकीत होतो आणि मग परत येत नाही. सुती दोरा सगळ्यात कडक परीक्षक, कारण त्याला लवचिकपणाच नसतो. सुतीचा फोटो आणि लोकरीचा फोटो शेजारी ठेवून हातांची तुलना करणं म्हणूनच अन्यायाचं आहे. टाचण्या लावून ताणलेल्या तुकड्याचा फोटोही तसाच. कडेला कंगोरे दिसले की समजावं, इथे ताणून झाकलं आहे.

आता टाक्याच्या उठावाकडे वळू. मुलाला दुकानात एक मऊ, फुललेली लोकर आवडली होती, एकपदरी. पण स्वेटरच्या मधोमध सहा टाक्यांची वेणी होती आणि ती वेणी दिसणार की नाही, हा प्रश्न होता. दोन्ही लोकरींचे वेणीचे तुकडे विणले आणि फोटो काढले.

पदर आणि पीळ यांवर उठाव ठरतो. तीन पदर एकमेकांभोवती घट्ट वळले, की दोरा गोल होतो. गोल दोऱ्याच्या कडेला उजेड संपतो आणि सावली सुरू होते, त्यामुळे प्रत्येक टाका वेगळा दिसतो. दोन पदरी दोरा चपटा पडतो, त्याच्या दोन पदरांमध्येच सावल्या पडतात. जाळीदार विणीला तो बरा, वेणीला तेवढा नाही. एकपदरी, कमी पिळाच्या लोकरीचे तंतू बाहेर येतात आणि टाक्यांमधली फट भरून टाकतात. मोहेरमध्ये तर तंतूंचं धुकंच असतं, वेणी त्यात बुडून जाते.

फोटोत हे नीट दिसायला उजेड एका बाजूने यावा, पण ताण बघताना होता तेवढा खालून नको, नाहीतर मऊ लोकरही टोकदार दिसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही फोटोंत टाके सारखेच मोठे दिसायला हवेत. जवळून काढलेला फोटो नेहमी जास्त रेखीव वाटतो. मी सांगते, की चौकटीच्या रुंदीत दोन्हीकडे तीसच टाके बसवा. शिवाय फोन आपणहून फोटोच्या कडा टोकदार करतो आणि मेसेजमधून जाताना फोटो दाबला जातो. दाबताना पहिल्यांदा उडतात ते बारीक तंतू. म्हणजे फुललेली लोकर फोटोत गुळगुळीत आणि रेखीव होऊन पोचते! टाक्याच्या कडेला फिकट पांढरी रेघ दिसली तर ती लोकरीची नाही, फोनची. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की यातला निदान दाबला जाण्याचा भाग टळतो.

एकपदरी लोकरीची वेणी जवळून छान दिसली. फोटो बोटभर आकाराचा केला, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून स्वेटर जेवढा दिसेल तेवढा, तेव्हा ती नाहीशी झाली. तीनपदरीची टिकली. मुलाने थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं.

रंगाचा वाद शेवटी निघाला, आणि तो खरं तर आधीच सुरू झालेला होता. पहिल्या दोन फोटोंत आत्याचा अंजिरी रंग तपकिरीकडे झुकलेला होता, मामीचा गुलाबीकडे. दुकानदाराने दोन वेगळ्या लॉटचे गुंडे दिले, असा संशय होता. लेबलांवर लॉट नंबर एकच होता.

फोन स्वतःच्या अंदाजाने ठरवतो, की या खोलीतलं पांढरं कोणतं, आणि त्या हिशेबाने सगळे रंग सरकवतो. संध्याकाळच्या पिवळट उजेडात तो एक अंदाज करतो, ट्यूबच्या उजेडात दुसरा. चौकट एकाच रंगाने भरलेली असेल तर तो आणखी गोंधळतो आणि तोच रंग कमी करायला जातो. त्याला उजेडही मधलाच आवडतो: मोतिया लोकरीचा तुकडा तो मळकट करतो, काळ्याचा राखाडी. राणी रंग किंवा लालभडक रंग तर फोटोत असा पेटतो, की टाके एकमेकांत विरघळतात आणि चांगल्या विणीचाही गोळा दिसतो. जांभळा बऱ्याचदा निळा होऊन येतो. म्हणून रंगासाठी वेगळा फोटो: सावलीतला, सगळीकडून सारखा येणारा दिवसाचा उजेड, घरातले दिवे बंद आणि चौकटीत एक साधा पांढरा कागद. दोन फोटोंमधला कागद सारखा पांढरा दिसत नसेल तर त्यातल्या रंगांची तुलना करू नये. कागद एकात पिवळा आणि दुसऱ्यात निळसर असेल तर लोकरही तेवढीच सरकलेली आहे.

याखेरीज रंग विणीवरही अवलंबून असतो. गुंड्यावर दोरे सरळ, शेजारीशेजारी पडलेले असतात आणि उजेड परतवतात. विणल्यावर टाक्याटाक्यात सावली शिरते, त्यामुळे तुकडा गुंड्यापेक्षा गडद वाटतो. वीण सैल असेल तर फटींतून खालचं दिसतं. मामीचा पहिला तुकडा पांढऱ्या चादरीवर होता, त्यामुळे त्यांच्या सैल ओळींतून पांढरं डोकावत होतं आणि रंग फिका वाटत होता. ट्यूबने रंग सरकवला, त्यात चादरीनेही हातभार लावला. करड्या चादरीवर, एका चौकटीत, दोन्ही तुकडे सारखेच अंजिरी होते.

शेजारचा रंग काय करतो, हे तर कारखानदारांनीही फार पूर्वी भोगलं आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणली जात. १८२४ मध्ये मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तक्रार अशी होती, की काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्याजवळ तो फिका पडतो. शेव्रलनी तपासलं, तर काळ्या लोकरीत खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे डोळ्याला ती तशी दिसत होती. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये एक जाडजूड ग्रंथ छापला. आपण एवढंच लक्षात ठेवायचं, की पोपटी टेबलक्लॉथवरचा अंजिरी आणि तांबड्या सतरंजीवरचा अंजिरी एक दिसणार नाही. स्वेटरला दुसऱ्या रंगाची पट्टी घालायची असेल तर तिचा तुकडा शेजारी ठेवूनच फोटो काढावा, आणि तोच फोटो काळा-पांढरा करूनही बघावा. रंग वेगळे असूनही काळ्या-पांढऱ्यात दोन्ही एकाच करड्या छटेचे झाले, तर लांबून नक्षी ओळखू येणार नाही.

हातात घेतल्याशिवाय न कळणाऱ्या गोष्टी राहतातच. कापड किती पडतं, ओढून सोडलं की परत येतं का, मानेला टोचतं का, चार धुण्यांनंतर बोंडं धरतं का, यातलं काहीच फोटो सांगत नाही. दोघींचा बेत मात्र फोटोंवरूनच बदलला. पाठ आणि पुढचा भाग कडेच्या शिवणीत अगदी लागून येतात, तिथे दोन हात लपत नाहीत. म्हणून ते दोन्ही भाग आत्याने सात नंबरवर विणले. बाह्या दोन्ही मामींनी, आठ आणि नऊच्या सुया आलटूनपालटून. खांद्याच्या शिवणीत विणीची दिशाच मोडते, त्यामुळे तिथे हात बदललेला कुणाला कळत नाही. गळा कुणी उचलायचा यावर अजून फोनवर बोलणी चालू आहेत.